पुण्यातल्या फ्लॅटच्या मॅनेजरला लिहायची चिठ्ठी

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद. मॅनेजरकाकांना पाठवायच्या चिठ्ठीचा तुझा मसुदा दोनदा वाचला. भाषा गोड आहे आणि तो माणूस बाबांच्या ओळखीतला आहे हे प्रत्येक ओळीतून कळतं. पण ती वाचून काकांनी नेमकं काय करायचं, ते मला कळलं नाही. तुझ्या तीन वाक्यांपाशी मी थांबले: “भाडं जमा झालं की तुमच्या सोयीने पाठवत जा.” “डिपॉझिट तूर्त तुमच्याकडेच असू द्या.” “किरकोळ खर्च झाला तर त्यातूनच वळता करून घ्या.” या तीनही वाक्यांत कधी, किती आणि कुठल्या खात्यात हे नाही. आदर संबोधनात ठेव, ‘आपण’ लिही, घरच्यांची चौकशीही कर. रक्कम आणि तारीख मात्र मोकळी सोडू नकोस. ती मोकळी राहिली की वाईट वाटायची पाळी काकांवरच येते, कारण विचारणा त्यांनाच होते.

आधी खातं. मसुद्यात तू बँकेतलं जुनं बचत खातं दिलं आहेस. तू आता बर्मिंगहॅमला राहायला गेलास, म्हणजे अनिवासी झालास. ते साधं बचत खातं तसंच चालू ठेवता येत नाही, त्याचं एनआरओ खातं करून घ्यावं लागतं. भारतातलं भाडं तिथे जमा होऊ दे. बँकेला कळवून ते काम उरकल्याशिवाय चिठ्ठी पाठवू नकोस, नाहीतर महिन्याभरात काकांना दुसरा नंबर कळवावा लागेल आणि भाडेकरू कुठल्या तरी एका महिन्यात चुकून जुन्यावर भरेल.

भाडं आधी काकांच्या खात्यात आणि मग तुझ्याकडे, हा रस्ता मला पसंत नाही. भाडेकरूने थेट तुझ्या एनआरओ खात्यात भरावं आणि काकांनी फक्त लक्ष ठेवावं. मधे एक खातं आलं की भाडं कोणाकडे अडकलं हे शोधण्यात आठवडा जातो. काकांना दिलेल्या मुखत्यारपत्रात ‘रक्कम स्वीकारणे’ असे शब्द आहेत का, तेही बघ. ते असले तर भाडेकरूने काकांना पैसे दिले की त्याची जबाबदारी संपली, पुढचं तुमचं तुम्ही बघायचं. भाडं थेट तुझ्या खात्यात येणार असेल तर तो अधिकार द्यायची गरजच नाही.

आता ज्या गोष्टीचा तुझ्या चिठ्ठीत उल्लेखच नाही, तिच्यावर मी जरा जास्त लिहिते. घरमालक अनिवासी असला की भाडेकरूला भाड्यातून कर कापून सरकारकडे भरावा लागतो. देशात राहणाऱ्या मालकाला लागू असलेली किमान मर्यादा इथे नाही, पहिल्या रुपयापासून कापायचा. दर ३० टक्के, त्यावर ४ टक्के सेस, म्हणजे ३१.२ टक्के. तुझं भाडं ३०,००० आहे. त्यातून ९,३६० कापले जातील आणि तुझ्या खात्यात २०,६४० येतील. हे भाडेकरूला करार करण्याआधीच सांगायला हवं, कारण त्याला त्यासाठी टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याला लागणारा नंबर, घ्यावा लागतो आणि दर तिमाहीला विवरण भरावं लागतं. पगारदार मुलगा हे ऐकून बिचकतो. त्याचं हे काम करून द्यायला काकांच्या ओळखीचा सीए लाव आणि त्याची फी तू दे. कापलेला कर बुडत नाही. हे एकच उत्पन्न असेल तर प्रत्यक्ष कर फारसा येणार नाही आणि विवरणपत्र भरल्यावर उरलेले पैसे परत मिळतील. पण ते वर्षानंतर. तोवर वर्षाचे १,१२,३२० अडकलेले राहतील, म्हणून कमी दराने कपातीचा दाखला मिळवण्यासाठी आत्ताच अर्ज कर. दाखला हातात येईपर्यंत चिठ्ठीत ३१.२ टक्केच लिही.

तिसऱ्या वाक्यातला ‘वळता करून घ्या’ मला सगळ्यात जास्त खुपतो. समज, काकांची फी ५ टक्के, म्हणजे १,५००, आणि नळ दुरुस्त करायला ८५० लागले. कराबरोबर हे दोन्हीही कापून तुला १८,२९० आले. सहा महिन्यांनी ही रक्कम बघून तुला काय आठवेल? आणि कराच्या हिशोबात तुझं भाडं ३०,०००च धरलं जातं. त्यातून भरलेला मालमत्ता कर आणि मग ३० टक्के ठोक वजावट मिळते, दुरुस्ती आणि फी त्या ठोक वजावटीतच आली. खात्यात आलेला आकडा उत्पन्न म्हणून दाखवणारे मी पाहिले आहेत, आणि नंतर खुलासे देत बसलेलेही. म्हणून भाडं पूर्ण येऊ दे, आणि फी व खर्च तू बिल बघून वेगळे पाठव. काकांनाही ते बरं, कोणी त्यांच्याकडे बोट दाखवणार नाही.

ही ओळ अशी लिही: “प्रत्येक महिन्याचं भाडं ३०,००० रुपये त्याच महिन्याच्या ३ तारखेपर्यंत, कर वजा जाता २०,६४० रुपये, भाडेकरू माझ्या एनआरओ खात्यात थेट भरेल. ४ तारखेला जमा झालं नसेल तर आपण त्याला फोन करावा आणि मला त्याच दिवशी कळवावं. कराच्या चलनाची प्रत पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत मला पाठवावी.” कापलेला कर पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचा असतो (मार्चचा ३० एप्रिलपर्यंत), म्हणून १० म्हटलं. ‘त्याच महिन्याच्या’ हे दोन शब्द गाळू नकोस. ऑगस्टचं भाडं ऑगस्टच्या सुरुवातीला की सप्टेंबरच्या, यावर माझं एका भाडेकरूशी वाजलं होतं, आणि करारात दोन्ही अर्थ निघत होते.

तारखांचं कारण तुझा गृहकर्जाचा हप्ता आहे. तो ५ तारखेला जातो असं तू म्हणालास. भाडेकरू ३ ला भरणार, एखादा दिवस चुकणार, तर ५ ला खातं रिकामं असू शकतं. हप्ता परतला की बँक दंड लावते आणि कर्जाच्या नोंदीवर डाग पडतो. बँकेला विचार, हप्त्याची तारीख १० करता येते का. नाही झालं तर एका हप्त्याइतके पैसे कायम त्या खात्यात ठेव. ‘रविवार होता’ हे कारण भाडेकरूकडून मान्य करू नये, असं काकांना सौम्यपणे कळव. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास आणि सुट्टीतही चालते. चेक असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून चेक नकोच.

डिपॉझिटचं सांगताना माझीच गोष्ट सांगते. मी स्टुटगार्टला असताना माझा पुण्यातला फ्लॅट एक गृहस्थ बघायचे. डिपॉझिटचे ७५,००० त्यांच्याच खात्यात ठेवले होते, कारण ‘परत द्यायला सोपं’. भाडेकरू जोडपं घर सोडायला निघालं तेव्हा टेम्पो खाली उभा, सामान भरलेलं, आणि ती मुलगी रिकाम्या हॉलमध्ये गॅसच्या सिलिंडरवर चावी हातात धरून बसलेली. तिने मला व्हिडिओ कॉलवर घर दाखवलं. भिंती स्वच्छ, नळ कोरडे, तक्रारीला जागा नाही. गृहस्थ फोन उचलत नव्हते, पैसे त्यांच्या घरी खर्च होऊन गेले होते. मी माझ्याच खात्यातून द्यायला गेले, तर नवीन नावावर पहिल्या चोवीस तासांत मोठी रक्कम जाईना. त्या मुलीने चावी ठेवून घेतली आणि मला तिची बाजू बरोबरच वाटली.

म्हणून डिपॉझिटचे ९०,००० तुझ्या एनआरओ खात्यात घे आणि तिथेच मुदत ठेवीत बाजूला ठेव. ते तुझे नाहीत, परत द्यायचे आहेत. एनआरओमधून भारतातल्या भाडेकरूच्या खात्यात रुपयांत पाठवता येतात. घर सोडायच्या किमान तीन दिवस आधी ठेव मोड आणि त्याचं खातं बँकेत नोंदवून ठेव. ओटीपी भारतातल्या नंबरवर येतो, तेव्हा ते सिम फोनमध्ये आहे ना आणि रोमिंग चालू आहे ना, हे एकदा तपास. पुण्यात सकाळी ११ ला चावी देणार असतील, तर तुझ्याकडे हिवाळ्यात साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेसहा वाजलेले असतात. त्या दिवशी गजर लाव.

वजावटीबद्दल काकांना अधिकार देऊ नकोस, काम दे. चावी द्यायच्या दिवशी त्यांनी भाडेकरूसमोर विजेच्या मीटरचा फोटो काढावा, गॅसचं रीडिंग घ्यावं आणि तुटकं काही असेल तर तेही टिपावं. महावितरणचं शेवटचं बिल नंतर येतं, आणि त्यासाठी लोक संपूर्ण डिपॉझिट अडवून ठेवतात. ते बरोबर नाही. रीडिंगवरून अंदाज काढून तेवढीच रक्कम मागे ठेवायची. भिंतीचा रंग उडणं, पडद्याच्या रॉडची भोकं, याचे पैसे कापायचे नाहीत, हे तू लिहून टाक. काय कापलं, किती आणि का, हे भाडेकरूला लेखी मिळालं पाहिजे.

एक हमखास येणारी मागणी आहे: “शेवटचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करा.” काका ओळखीचे असल्यामुळे हो म्हणतील. तुझी लेखी संमती घेतल्याशिवाय म्हणू नये असं लिही. वळतं केलेलं भाडंसुद्धा भाडंच असतं, त्यावरही ९,३६० भरायचे असतात. तो महिना लोक विसरतात, कारण त्या महिन्यात बँकेतून काहीच गेलेलं नसतं. शिवाय तीन महिन्यांचं डिपॉझिट त्या क्षणी दोन महिन्यांचं होतं, घर तपासायच्या आधीच.

ही चिठ्ठी भाडेकराराची जागा घेत नाही. लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि महाराष्ट्रात ती जबाबदारी मालकाची, म्हणजे तुझी आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल तेच खरं धरतात, तू उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणून ३ तारीख, ३०,००० आणि ९०,००० हे आकडे करारात आणि चिठ्ठीत अगदी सारखे ठेव. मसुद्यात तू एका जागी डिपॉझिट ‘साधारण ९० हजार’ लिहिलं आहेस. ‘साधारण’ काढ.

एनआरओ खात्याचा नंबर आणि हप्त्याची नवी तारीख हाती आली की दोन्ही घालून मला पुन्हा पाठव. मगच काकांना फोन कर, आणि फोन झाल्यावर त्याच संध्याकाळी चिठ्ठी पाठव.

तुझी,
मावशी