घरच्या साखरपाण्यावर ग्लुकोज चाचणी का करता येत नाही?

प्रश्न: पत्नीला सव्वीसावा आठवडा चालू आहे. लॅबमध्ये 75 ग्रॅम ग्लुकोजचं पाणी दिलं, पंधरा मिनिटांत उलटी झाली आणि परत यायला सांगितलं. तिला ते पुन्हा प्यायचं नाही. आई म्हणाली, ग्लुकोज म्हणजे साखरच की! म्हणून घरी पेलाभर पाण्यात आठ चमचे साखर घालून दिली, दोन तासांनी घरच्या ग्लुकोमीटरवर 124 आलं. 140 च्या आत आहे, मग चालेल ना? आम्ही धायरीला राहतो, लॅब लांब पडते.

उत्तर:

चालणार नाही. मी पुण्यातील एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये बायोकेमिस्ट्री विभागात काम करतो आणि अशी घरची आकडेमोड घेऊन येणारी मंडळी आम्हाला अधूनमधून भेटतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमच्या मातोश्रींचे म्हणणे पूर्णपणे चुकीचे नाही, पण ते अर्धेच खरे आहे, आणि हे ‘अर्धे’ इथे अगदी शब्दशः घ्यावे.

स्वयंपाकघरातील साखर म्हणजे सुक्रोज. तिच्या प्रत्येक रेणूत ग्लुकोजचा एक आणि फ्रुक्टोजचा एक असे दोन भाग जोडलेले असतात. साखर लहान आतड्यात पोहोचली की तिथले एन्झाइम हा जोड तोडते आणि दोन्ही भाग वेगवेगळ्या वाटांनी शोषले जातात. ग्लुकोज सरळ रक्तात येते आणि आपण मोजतो ते हेच. फ्रुक्टोज मात्र मुख्यतः यकृताकडे जाते. त्यातील काही भागाचे पुढे ग्लुकोज होते, परंतु ते सावकाश आणि प्रत्येकात वेगळ्या प्रमाणात. लॅबमधील रसायन काय किंवा ग्लुकोमीटरची पट्टी काय, दोन्ही ग्लुकोजच ओळखतात. फ्रुक्टोजची त्यांच्याकडे नोंदच होत नाही. त्यामुळे साखर पाजून ग्लुकोज मोजले, तर पाजलेल्यापैकी निम्म्या मालाचा हिशेबच लागत नाही.

आता तुमचाच पेला हिशेबाला घेऊ. ‘आठ चमचे’ म्हणजे नेमके किती, हा पहिला प्रश्न. चहाचा लहान चमचा सपाट भरला तर त्यात साधारण चार-पाच ग्रॅम साखर मावते. शीग लावून भरला तर सात ग्रॅमपर्यंत सहज जाते. आणि पोहे खायचा चमचा घेतला असेल तर त्याहूनही अधिक. म्हणजे चहाचाच चमचा धरला तरी तुमच्या पेल्यात 32 ग्रॅम साखर होती की 56 ग्रॅम, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. आपण मध्यम अंदाज म्हणून 40 ग्रॅम धरू. त्यातून शरीराला जेमतेम 21 ग्रॅम ग्लुकोज मिळते. चाचणीत द्यायचे होते 75 ग्रॅम. म्हणजे तुमच्या पत्नीच्या शरीरापुढे ठरलेल्या भाराच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी भार ठेवला गेला आणि निकाल मात्र पूर्ण भारासाठी आखलेल्या रेषेवर तपासला गेला.

माझ्या मते सगळ्या गोंधळाचे मूळ इथेच आहे. 140 हा आकडा लोकांच्या तोंडी इतका बसला आहे की तो स्वतंत्रपणे खरा असल्यासारखा वापरला जातो. प्रत्यक्षात तो ‘75 ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यानंतर दोन तासांनी’ या अटीशी बांधलेला आहे. भारतात गर्भवतींसाठी जी एका टप्प्याची पद्धत सरकारी मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे आणि जिचा चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्या यांनी दीर्घकाळ पुरस्कार केला, तिच्यात आधी काही खाल्ले असो वा नसो, 75 ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी 140 किंवा त्याहून अधिक आले तर गर्भावस्थेतील मधुमेह धरतात. तुमच्या लॅबने उपाशीपोटी बोलावून तीन वेळा रक्त घेण्याचे ठरवले असेल, तर रेषाही बदलतात: उपाशीपोटी 92, एका तासाने 180 आणि दोन तासांनी 153, आणि यांपैकी एक जरी गाठली किंवा ओलांडली तरी निदान होते. काही देशांत 50 ग्रॅम ग्लुकोज देऊन एकाच तासाने रक्त तपासतात, पण ती केवळ चाळणी असते आणि तिच्यावरून निदान करत नाहीत. भार बदलला, वेळ बदलली की रेषाही बदलते. आठ चमचे साखरेसाठी अशी कोणतीही रेषा कोणी आखलेली नाही, म्हणून 124 हा आकडा कशाच्या आत आहे किंवा कशाच्या बाहेर, हे म्हणताच येत नाही.

यावर एक पुढचा प्रश्न हमखास येतो: मग काट्यावर तोलून जास्त साखर घेतली तर? तोही हिशेब करून पाहू. 75 ग्रॅम साखर तोलून घेतली, तर तिच्यातून सुमारे 39 ग्रॅम ग्लुकोज मिळते. पूर्ण 75 ग्रॅम ग्लुकोज हवे असेल तर जवळपास 142 ग्रॅम साखर लागेल आणि तिच्यासोबत तितकेच, म्हणजे 75 ग्रॅम, फ्रुक्टोज पोटात जाईल. ज्या बाईला लॅबमधले पाणी सोसले नाही, तिला हा पाक कसा सोसेल? शिवाय असे दाट, जास्त उष्मांकाचे पाणी जठरातून सावकाश पुढे सरकते, त्यामुळे ग्लुकोज रक्तात येण्याची वेळ मागे पडते आणि दोन तासांचा आकडा चढाचा की उताराचा हे कळत नाही. फ्रुक्टोज तर यकृताच्या ग्लुकोज उचलण्यातच ढवळाढवळ करते. म्हणून प्रमाण दुरुस्त करूनही साखरपाण्याची चाचणी ग्लुकोजच्या चाचणीच्या जागी बसत नाही.

ग्लुकोमीटरविषयी मात्र मी तुमच्यावर तितका कठोर होणार नाही. सरकारी केंद्रांमध्येही गर्भवतींची ही चाचणी ग्लुकोमीटरवर करतात, पण तिथे यंत्राची पडताळणी ठरावीक द्रावणाने वेळोवेळी होणे अपेक्षित असते. घरच्या यंत्राच्या बाबतीत दोन-तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. सध्याच्या मानकानुसार 100 च्या वरचे वाचन खऱ्या आकड्याच्या 15 टक्के इकडे-तिकडे असले तरी ते मान्य धरतात. म्हणजे तुमच्या 124 मागचा खरा आकडा साधारण 108 पासून 146 पर्यंत कुठेही असू शकतो, आणि त्या पट्ट्यात 140 ची रेषा येते. दुसरे असे की, गोड प्यायल्यानंतर बोटाच्या टोकाच्या रक्तातील ग्लुकोज हाताच्या शिरेतील रक्तापेक्षा जास्त असते, कारण शिरेपर्यंत येताना ऊती त्यातले काही काढून घेतात. उपाशीपोटी हा फरक फारसा नसतो. तिसरी गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण आमच्या अनुभवात ती वारंवार दिसते: ज्या हाताने साखर ढवळली त्याच हाताचे बोट टोचले, तर कातडीवरचा गोड चिकटपणा पट्टीवर जातो आणि आकडा फुगतो. आपल्या रक्ताचा थेंब मुळातच इवलासा, त्यात साखरेच्या पाण्याचा अंश मिसळला तर त्याचा परिणाम मोठाच होणार. स्पिरिटचा बोळा फिरवून हे जातेच असे नाही. साबणाने हात धुऊन कोरडे करावे लागतात.

म्हणजे एका बाजूला कमी भारामुळे आकडा खोटा उतरतो आणि दुसऱ्या बाजूला बोटाच्या रक्तामुळे व चिकट हातामुळे तो खोटा चढतो. या चुका एकमेकींना खोडून काढतील अशी आशा धरण्यात अर्थ नाही, कारण कोणती किती झाली हे मोजण्याचे साधनच आपल्यापाशी नसते. तरीही एक फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. इतक्या कमी भारावर तुमच्या यंत्राने 180 दाखवले असते, तर मी त्याला निदान म्हटले नसते, पण हात धुऊन पुन्हा पाहा आणि उद्याच डॉक्टरांकडे जा असे निश्चित सांगितले असते. उलट 124 सारखा कमी आकडा धीर देण्याच्याही लायकीचा नाही. खऱ्या भारावर 160 गाठणारी स्त्री 21 ग्रॅम ग्लुकोजवर 124 सहज दाखवू शकते, आणि मग ज्या आठवड्यांत आहार आणि औषधाने बाळाची अवाजवी वाढ रोखता आली असती तेच आठवडे हातून निघून जातात.

आता उलटीचे. सरकारी सूचनेनुसार पाणी पिऊन अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर चाचणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करायची असते. अर्ध्या तासानंतर झाली तर ती पुढे चालू ठेवतात. तुमच्याकडे पंधरा मिनिटांत झाली, त्यामुळे लॅबने परत बोलावले ते योग्यच. पुढच्या वेळी 300 मिलिलिटर गार पाणी मागा, पाणी पाच ते दहा मिनिटांत थोडे थोडे करून संपवा, घोट घेत अर्धा तास लावू नका, आणि नंतर दोन तास तिथेच शांत बसून राहा. धायरीहून सिंहगड रोडच्या गर्दीतून रिक्षाने धक्के खात येऊन लगेच ते पाणी प्यायले तर कोणाचेही पोट ढवळेल, म्हणून आधी पंधरा-वीस मिनिटे टेकावे. लिंबाचे चार थेंब पिळायची मुभा अनेक लॅब देतात. तुमच्या लॅबला विचारून घ्या. पाकीट स्वतः मेडिकलमधून नेणार असाल तर ते साध्या ग्लुकोजचे हवे. स्वादाच्या काही ऊर्जापावडरींत साखरही मिसळलेली असते, म्हणजे आपण पुन्हा मूळ पदावर. शिवाय ग्लुकोज पाणीविरहित आहे की मोनोहायड्रेट, हे पाकिटावर पाहा, कारण मोनोहायड्रेट असेल तर 75 ग्रॅम ग्लुकोजसाठी ते 82.5 ग्रॅम घ्यावे लागते.

इतके करूनही तिला ते पाणी अजिबात ठरत नसेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना तसे स्पष्ट सांगा. अशा वेळी उपाशीपोटीची तपासणी आणि काही दिवस नेहमीच्या जेवणानंतर ठरावीक वेळी घेतलेली वाचने, असा दुसरा मार्ग डॉक्टर सुचवू शकतात, आणि त्यात तुमचा ग्लुकोमीटर कामीही येईल. तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीए1सी चाचणीवर मात्र विसंबू नका. गर्भावस्थेत लाल पेशींची उलाढाल बदलते आणि आपल्याकडे अनेकींना रक्तक्षय असतो, त्यामुळे तो आकडा या कामी भरवशाचा ठरत नाही. डॉक्टरांना 124 सांगायला हरकत नाही, पण तो आठ चमचे साखरेवरचा आहे हेही त्याच दमात सांगा, नाहीतर तो फाइलमध्ये चाचणीचा निकाल म्हणून लिहिला जाईल.