तो आयडिया काढतो, ती मारते : दोन पार्टनरची गोष्ट

"मला सारखं नवीन काहीतरी सुचत असतं, आणि माझी पार्टनर दोन मिनिटांत त्यात खोट काढते. आता मी तिला सांगणंच सोडलंय. आमचं जमणार कसं?"

अशीच एक जोडी माझ्याकडे आली होती, तो सेल्सवाला, ती हिशोब आणि प्रॉडक्ट बघणारी. माझ्यासमोर पण तेच झालं, त्याचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत तिचं "पण" सुरू. सुचवणं आणि तपासणं दोन्ही एकाच मीटिंगमध्ये चाललं होतं, तिथेच सगळं अडत होतं.

म्हणून पहिला आठवडा दोघांनी वेगवेगळं बसून लिहायचं ठरलं. डील आणि स्ट्रोब या संशोधकांनी १९८७ मध्ये दाखवलंय की गटात एक जण बोलत असताना बाकीच्यांना थांबावं लागतं आणि त्यात कल्पना कमी निघतात. तिनेही लिहायचंच, ही माझी अट होती. प्रत्येक आयडियाखाली तीन ओळी: त्रास कोणाला आहे, आज ते काय करतात, पैसे कोण देईल. मग एकत्र वाचताना फक्त "म्हणजे काय?" एवढंच विचारायचं.

चाळणीची मीटिंग दुसऱ्या दिवशी. तिथे तिला "चालणार नाही" म्हणायला बंदी, त्याऐवजी "हे चालायचं तर काय खरं असायला हवं?" आणि त्यातलं सगळ्यात डळमळीत कुठलं ते तिनेच सांगायचं. त्याची आयडिया होती, लहान दवाखान्यांना पेशंटची अपॉइंटमेंट चुकू नये म्हणून आठवण पाठवायची सर्व्हिस. ती म्हणाली, रिकामी वेळ डॉक्टरांना खरंच खुपते का? कारण दारात बसलेला पुढचा पेशंट लगेच आत जातो. मग त्याने दहा दवाखान्यांत जाऊन विचारायचं ठरलं. "असं काही आलं तर घ्याल का" हे विचारायचं नाही, त्याला सगळे हो म्हणतात. विचारायचं की गेल्या आठवड्यात किती अपॉइंटमेंट रिकाम्या गेल्या आणि त्यावर तुम्ही काय केलं. चारपेक्षा कमी जणांनी काही केलं असेल तर आयडिया बंद, हे जायच्या आधीच दोघांनी लिहून सही केली. हे आधीच लिहावं लागतं, नाहीतर निकाल आल्यावर तो आकडा खाली ओढतो आणि ती वर.

दहापैकी दोनच दवाखान्यांनी काही केलेलं निघालं, आयडिया बंद. पण त्याच्या नोट्स वाचताना तिला दिसलं की सहा ठिकाणी रिसेप्शनवाले संध्याकाळी रिपोर्ट आले म्हणून पेशंटना एकेक फोन करत बसतात. हे फोन सोपे करायची आयडिया तिची, आणि ती त्याच्या फिरण्यातून निघाली.

एक मात्र बघा, तुमच्या पार्टनरचा आक्षेप प्रत्येक आयडियाला तोच असेल, समजा "पैसे कुठून आणणार", तर भांडण आयडियाचं नाहीये. तेव्हा चाळणी बाजूला ठेवून आधी कंपनीत किती पैसे उरलेत आणि ते किती महिने पुरतील यावर दोघं बसा.