पार्किंगच्या सोडतीसाठी सार्वजनिक यादृच्छिक बीकन

प्रश्न: आमच्या सोसायटीत ९६ सदनिका आणि पार्किंगच्या ६० जागा आहेत. कमिटीने संगणकावर सोडत काढली, पण निकाल कुणालाच पटला नाही. ‘पब्लिक रँडमनेस बीकन’ वापरून सोडत काढता येते असे वाचले. हे नेमके काय असते आणि आमच्या कामाचे आहे का?

उत्तर:

कामाचे आहे, मात्र सोडतीच्या आधी काही गोष्टी लेखी ठरवून जाहीर केल्या तरच. बीकन म्हणजे ठरलेल्या वेळापत्रकानुसार एक नवी यादृच्छिक संख्या सर्वांसमोर प्रसिद्ध करणारी सेवा. ती संख्या ठरलेल्या क्षणापूर्वी कुणालाही माहीत असू नये, आणि एकदा प्रसिद्ध झाल्यावर कुणालाही गुपचूप बदलता येऊ नये, एवढेच तिचे काम. ही कल्पना संगणकशास्त्रज्ञ मायकेल रॅबिन यांनी १९८३ मध्ये मांडली. प्रत्यक्षात चालणाऱ्या सेवा गेल्या दहा-बारा वर्षांतल्या आहेत.

तुमच्या सभासदांचा अविश्वास अनाठायी नाही. अमेरिकेत अनेक राज्यांच्या लॉटऱ्या चालवणाऱ्या संघटनेत एडी टिप्टन हा माहिती-सुरक्षेचा प्रमुख होता. सोडतीचे आकडे काढणाऱ्या संगणकातच त्याने असा कोड घातला होता की वर्षातल्या ठरावीक तारखांना आकडे मोजक्या, आधी हिशेब करता येणाऱ्या संचांतून निघत. २९ डिसेंबर २०१० च्या सोडतीतले १ कोटी ६५ लाख डॉलरचे बक्षीस त्याने याच मार्गाने साधले. ते पदरात पडण्यापूर्वी संशय आला आणि २०१७ मध्ये त्याला शिक्षा झाली, पण तो सापडला तिकीट घेतानाच्या दुकानातल्या चित्रफितीमुळे. निघालेल्या आकड्यांकडे बघून कुणाला काही कळले नव्हते. कळणारही नाही, कारण निकालाच्या एका यादीवरून ती प्रामाणिकपणे निघाली की आधीच ठरवली होती हे सांगता येत नाही. म्हणून पुरावा निकालात शोधायचा नसतो, तो कार्यपद्धतीत आधीच ठेवावा लागतो.

सर्वांत परिचित बीकन अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेचे आहे. ते २०१३ मध्ये सुरू झाले आणि दर मिनिटाला ५१२ बिटांची एक संख्या, वेळेच्या नोंदीसह आणि संस्थेच्या डिजिटल स्वाक्षरीसह, प्रसिद्ध करते. प्रत्येक नोंदीत मागच्या नोंदींचे हॅश, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेले आणि मजकूर किंचित बदलला तरी पूर्ण बदलणारे ठसे, गुंफलेले असल्यामुळे जुनी नोंद मागाहून बदलली तर साखळी तुटते आणि ते लगेच लक्षात येते. तरीही एक मर्यादा उरते. संख्या तिथूनच आली आणि नंतर बदललेली नाही, एवढेच स्वाक्षरीवरून कळते. ती त्या संस्थेतल्या कुणाला आधी ठाऊक नव्हती हे स्वाक्षरी सिद्ध करू शकत नाही. तिथे विश्वास एका संस्थेवरच ठेवावा लागतो. तुमच्या पार्किंगशी अमेरिकी सरकारला काय देणेघेणे, असे म्हणून तो ठेवता येईलही. पण मला दुसरी रचना अधिक पटते.

ती म्हणजे ड्रँड. तिचे मूळ लोझानच्या ईपीएफएल विद्यापीठातील संशोधनात आहे, आणि २०१९ पासून ‘लीग ऑफ एन्ट्रॉपी’ या नावाने एकत्र आलेल्या वेगवेगळ्या देशांतल्या कंपन्या, विद्यापीठे व संस्था ती मिळून चालवतात. सुरुवातीला हे सगळे मिळून अशी एक गुप्त किल्ली तयार करतात की ती अख्खी कुणाकडेच नसते. प्रत्येकाकडे फक्त आपला वाटा असतो. दर ठरलेल्या वेळी एक क्रमांकित फेरी होते, आणि लीगचा प्रत्येक सभासद त्या फेरीच्या क्रमांकावर आपल्या वाट्याने आंशिक स्वाक्षरी करतो. निम्म्याहून अधिक सभासदांच्या अशा स्वाक्षऱ्या जमल्या की त्यांतून एक पूर्ण स्वाक्षरी तयार होते, आणि एसएचए-२५६ या प्रमाणित पद्धतीने काढलेला तिचा हॅश हीच त्या फेरीची यादृच्छिक संख्या.

या रचनेतली खुबी अशी की कोणत्याही सभासदांचे वाटे एकत्र आले तरी पूर्ण स्वाक्षरी तीच निघते. एखाद्याला उत्तर आवडले नाही म्हणून त्याने आपला वाटा रोखून धरला, तरी निकाल बदलत नाही. फार तर पुरेसे लोक जमेपर्यंत तो लांबतो. धोका आहे तो वेगळ्या ठिकाणी. निम्म्याहून अधिक सभासदांनी संगनमत केले, तर पुढच्या सगळ्या फेऱ्यांच्या संख्या त्यांना आजच काढता येतील, आणि तसे केल्याची कोणतीही खूण बाहेर दिसणार नाही. वेगवेगळ्या देशांतल्या एवढ्या संस्था तुमच्या वाहनतळासाठी असे करतील ही शंका मी तरी घेणार नाही.

आता तुमची सोडत. ड्रँडच्या ‘क्विकनेट’ या साखळीत, म्हणजे फेऱ्यांच्या एका मालिकेत, दर तीन सेकंदांनी एक फेरी होते. पहिली फेरी २३ ऑगस्ट २०२३ रोजी भारतीय वेळेनुसार रात्री ८ वाजून ३९ मिनिटे २७ सेकंदांनी झाली. संगणकाच्या युनिक्स वेळेत, म्हणजे १९७० च्या आरंभापासून मोजलेल्या सेकंदांत, हा क्षण 1692803367 असा लिहितात. समजा तुम्ही सोडत रविवार, ३ मे २०२६ रोजी सकाळी ११ वाजता ठेवली. तो क्षण 1777786200. म्हणजे फेरीचा क्रमांक असा निघतो:

```
(1777786200 - 1692803367) / 3 + 1 = 28327612
```

भागाकार इथे पूर्ण सुटतो, म्हणून ही फेरी बरोबर ११ च्या ठोक्याला येते. हा क्रमांक काही आठवडे आधी सूचनाफलकावर लावता येतो, आणि वर सांगितलेले संगनमत सोडले तर त्याची संख्या त्या दिवशी ११ च्या आधी काढणे कुणालाच शक्य नसते. वेळ झाल्यावर ती पुढील पत्त्यावर मिळते:

```
https://api.drand.sh/52db9ba70e0cc0f6eaf7803dd07447a1f5477735fd3f661792ba94600c84e971/public/28327612
```

उत्तरात `randomness` आणि `signature` अशी दोन क्षेत्रे दिसतात. `randomness` मधली ६४ अक्षरांची संख्या घ्यायची, तिला प्रत्येक सदनिकेचा क्रमांक जोडून हॅश काढायचा आणि हॅशच्या चढत्या क्रमाने सदनिका लावायच्या. पहिल्या ६० जणांना जागा मिळतील, उरलेले ३६ त्याच क्रमाने प्रतीक्षा यादीत राहतील. त्यासाठी एवढा कोड पुरतो:

```python
import hashlib
r = "..."   # randomness
flats = open("flats.txt").read().split()
def h(f):
    return hashlib.sha256((r + "|" + f).encode()).hexdigest()
for n, f in enumerate(sorted(flats, key=h), 1):
    print(n, f)
```

‘संख्येला ९६ ने भागून बाकी घ्या’ असा सोपा मार्गही कुणी सुचवेल. त्याने एक विजेता निघेल, पण ९६ जणांचा पूर्ण क्रम लावताना तीच बाकी पुन्हा आली तर काय करायचे याचे नियम वाढत जातात, आणि नियम वाढले की वादालाही जागा होते. वरच्या पद्धतीत यादी कोणत्या क्रमाने लिहिली आहे याचाही परिणाम होत नाही. परिणाम होतो तो लिहिण्याच्या पद्धतीचा. `A-101`, `A101` आणि `a-101` यांचे हॅश पूर्णपणे वेगळे येतात, त्यामुळे क्रमांक कोणत्या स्वरूपात लिहायचा हे संख्या येण्यापूर्वीच गोठवावे लागते. नाहीतर एखादा हुशार चिटणीस संख्या पाहिल्यानंतर ‘टंकलेखनातली चूक दुरुस्त’ करून आपली सदनिका वर आणू शकतो. दहा-बारा प्रकारे लिहून पाहिले की एखादा चांगला हॅश सापडतोच. यावर उपाय म्हणजे अंतिम यादी आणि वरचा कोड सोडतीच्या आठवडाभर आधी सर्व सभासदांना पाठवणे, आणि `sha256sum flats.txt` या आज्ञेने निघणारा यादीचा हॅश सूचनाफलकावर लावणे. यादीत एक अक्षर जरी बदलले तरी हा हॅश जुळणार नाही.

मात्र सर्वांत मोठी फट याहून साधी असते: सोडत पुन्हा काढणे. ‘नेट गेले होते’, ‘दोन सभासद उशिरा आले’ अशा कारणांनी पुढची फेरी घेतली की संपूर्ण पुरावा वाया गेला, कारण मग निकाल बघून फेरी निवडली नाही हे कुणालाच दाखवता येत नाही. खरे तर त्या क्षणी तुमचे नेट चालू असण्याची गरजही नाही. झालेल्या फेऱ्या साठवलेल्या असतात, त्यामुळे तीच संख्या संध्याकाळी किंवा पुढच्या महिन्यातही मिळते. बीकनच खोळंबले, तरी ते पूर्ववत झाल्यावर राहिलेल्या फेऱ्या भरून काढते.

पडताळणी प्रत्येक सभासदाला आपापल्या घरी करता येते. संख्या `api.drand.sh` आणि `drand.cloudflare.com` या दोन्ही ठिकाणांहून घ्यावी व सारखीच आहे हे पाहावे. `signature` चा हॅश म्हणजेच `randomness` आहे हेही एका ओळीच्या कोडने तपासता येते, पण तेवढ्याने फक्त दोन क्षेत्रे परस्परांशी जुळतात हे कळते. स्वाक्षरी खरोखर त्या समूहाची आहे हे पाहायचे तर साखळीची सार्वजनिक किल्ली आणि ड्रँडची स्वाक्षरी तपासणारी लायब्ररी लागते. तुमच्या इमारतीत हे करू शकणारा एखादा तरुण नक्की असेल. तो कमिटीतला नसलेला बरा.

या संख्यांचे इतर उपयोगही याच धर्तीचे आहेत. फाइलकॉइन या माहिती साठवणाऱ्या संगणकांच्या जाळ्यात पुढचा ब्लॉक, म्हणजे नोंदींचा पुढचा गठ्ठा, कुणी बनवायचा हे ठरवताना ड्रँडची संख्या वापरली जाते. भविष्यातल्या एखाद्या फेरीची स्वाक्षरी आली तरच उघडेल असा मजकूर कुलूपबंद करण्याची सोयही आहे, जी मोहोरबंद निविदांसाठी उपयोगी ठरू शकते. पासवर्ड किंवा ओटीपी मात्र यातून कधीही बनवू नये, कारण ही संख्या साऱ्या जगाला माहीत असते. आणि दरवेळी बीकनच हवे असेही नाही: कोलोरॅडो राज्याने २०१७ मध्ये मतपत्रिकांच्या तपासणीसाठी नमुना निवडताना लोकांसमोर दहा बाजूंचे फासे टाकून वीस आकडे काढले होते. तुमचे सगळे सभासद एका सभागृहात येणार असतील, तर हाही पर्याय मी गंभीरपणे सुचवेन. निम्मे सभासद परगावी किंवा परदेशी असतील, तर बीकन बरे.

यादीत कुणाचे नाव असावे, थकबाकीदाराला किंवा दुसऱ्या गाडीला जागा द्यावी का, हे प्रश्न बीकन सोडवत नाही. ते सर्वसाधारण सभेत आधी मिटवावेत. त्यानंतर ठराव साधारण असा करता येईल: ‘सोबत जोडलेली यादी व कोड अंतिम असून यादीचा एसएचए-२५६ हॅश अमुक आहे. सोडतीसाठी ड्रँड क्विकनेटची फेरी क्रमांक 28327612 हीच वापरली जाईल. ती उपलब्ध होण्यास उशीर झाल्यास उपलब्ध होईपर्यंत थांबण्यात येईल आणि कोणत्याही कारणास्तव दुसरी फेरी घेतली जाणार नाही.’