कॅल्शियम स्कोअर ८४ म्हणजे किती ब्लॉकेज?

प्रश्न: वय ४६, शुगर-बीपी नाही, रोज ५ किमी चालतो. वडिलांना ५१व्या वर्षी अटॅक आला होता. सीटीत स्कोअर ८४ आला, त्यातले ७१ एलएडी या हृदयाच्या मुख्य रक्तवाहिनीत. म्हणजे ८४ टक्के ब्लॉकेज का?

नाही. हा टक्का नव्हे, हृदयाच्या नळ्यांत साठलेल्या कॅल्शियमची बेरीज आहे. माझा स्कोअर ४७व्या वर्षी ५१ आला, तेव्हा मीही रात्रभर हाच हिशेब करत बसलो होतो. सकाळी रेडिओलॉजिस्टने स्क्रीनवर दाखवलं. करड्या हृदयावर तांदळाच्या कणीएवढे तीन पांढरे ठिपके, बरगडीच्या हाडाइतकेच पांढरे. सीटी हृदयाचे साधारण ३ मिमी जाडीचे काप दाखवतो. कापात १३० हाउन्सफील्ड, म्हणजे उजळपणाच्या एककात १३०, किंवा त्याहून उजळ ठिपका दिसला की त्याचं क्षेत्रफळ मोजून उजळपणाप्रमाणे १ ते ४ ने गुणतात. माझा एक ठिपका ४ चौ. मिमी, उजळपणा २५०, म्हणून गुणिले २, झाले ८. दुसरा ७ चौ. मिमी, ४१० चा, गुणिले ४, म्हणजे २८. तिसरा ५ गुणिले ३, १५. एकूण ५१. नळी आतून किती अरुंद झालीय, हे यात कुठेच येत नाही.

तुमचा ८४ 'सौम्य' गटात पडतो, रिपोर्टवर बहुधा तसंच छापलं असेल. त्या शब्दावर जाऊ नका. सत्तरीच्या माणसाला ८४ किरकोळ, पण ४६व्या वर्षी बहुतेक पुरुषांचा स्कोअर शून्य असतो. अमेरिकेतल्या मेसा अभ्यासाच्या तक्त्यात तुमच्या वयाला हा आकडा ७५व्या पर्सेंटाइलच्या वर जातो, म्हणजे शंभरातल्या ७५ जणांपेक्षा जास्त. त्या अभ्यासात भारतीय वंशाचे लोक नव्हते, त्यामुळे तक्ता आपल्यासाठी अंदाजापुरताच. तरी अमेरिकेच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांनुसार १०० किंवा त्याहून जास्त स्कोअर किंवा ७५वा पर्सेंटाइल गाठला, की स्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीकडे कल जातो. शिवाय वडिलांचा अटॅक ५५च्या आतला, तो वेगळा मोजतात. कार्डिओलॉजिस्टशी बोलताना हे दोन्ही सांगा, आणि लिपोप्रोटीन ए ही रक्ततपासणी विचारा. त्याची पातळी बहुतेक आनुवंशिक असते, आणि ही तपासणी नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये येत नाही.

नळीतला मऊ, कॅल्शियम न साठलेला चरबीचा थर या स्कॅनला दिसतच नाही. म्हणून चालताना छाती भरून येत असेल तर हा रिपोर्ट बाजूला ठेवा आणि लगेच डॉक्टरांना दाखवा. दुखत असताना शून्य स्कोअरही कामाचा नाही.

आणि स्टॅटिन सुरू झालं तर 'कमी झाला का' बघायला वर्षभरात पुन्हा स्कॅन करू नका. गोळीने थर घट्ट होतो, म्हणजे ठिपका आणखी उजळ होतो, आणि स्कोअर वाढलेला दिसू शकतो. माझ्या मेहुण्याने असाच घाबरून गोळी बंद केली होती. गोळीचं काम एलडीएलच्या, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलच्या, आकड्यावर बघायचं.