बीएस्सीनंतर घरी छोट्या गटाला काय वेगळं शिकवता येईल?

प्रश्न: माझं बीएस्सी झालंय. नेहमीची दहावी-बारावीची शिकवणी नको. घरी किंवा ऑनलाइन, चार-पाच मुलांना शिकवता येईल असं काही सुचवा.

उत्तर: होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेची प्रात्यक्षिक फेरी धरा. स्पर्धा सहावी आणि नववीसाठी असते. लेखी फेरीची तयारी करून घेणारे बरेच क्लास आहेत, पण तीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाच्या हातात साहित्य देणं कठीण जातं. तिथे तुमचा पाच जणांचा गट सरस ठरतो.

नमुन्यादाखल एक तास सांगतो. दोऱ्याला लोखंडी नट बांधून एक मीटरचा लंबक करा आणि वीस आंदोलनांचा वेळ मोजायला लावा. साधारण 40 सेकंद यायला हवेत. कुणाचे 38 आले, तर त्याने घड्याळ सुरू करताना 'शून्य' न म्हणता 'एक' म्हटलंय, म्हणजे आंदोलनं एकोणीसच झाली. त्यावरून g काढला की 9.8 ऐवजी 10.9 च्या आसपास येतो. चूक लगेच सांगू नका, दोघांच्या वह्या शेजारी ठेवून त्यांनाच शोधू द्या. परीक्षेत वाचन कसं घेतलं हेच बघतात.

घरी तीव्र आम्लं ठेवू नका. हळद, व्हिनेगर, सोडा यांवर दर्शकांचं बरंच काम भागतं. कांद्याच्या पापुद्र्यासाठी मात्र एक बरा सूक्ष्मदर्शक घ्यावाच लागेल.

ऑनलाइन हे नीट जमत नाही, कारण हात दिसत नाहीत. पुढच्या फेरीच्या प्रकल्पावरची चर्चा तेवढी ऑनलाइन ठेवा. शिवाय काम हंगामी आहे, म्हणून पाचवी आणि आठवीची मुलं उन्हाळ्यातच घ्या.