एनएफएचएस-5 मधून जिल्ह्यापुरतं उत्तर: आईचं काम आणि मुलाची उंची

प्रश्न: एमएच्या प्रबंधासाठी पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा, म्हणजे एनएफएचएस-5 चा डेटा वापरतेय. आई कामाला जात असेल तर मूल खुजं राहण्याची शक्यता वाढते का, हे माझ्या जिल्ह्यापुरतं दाखवायचंय. स्टाटामध्ये रिग्रेशन केलं, वेल्थ इंडेक्सही कंट्रोल केला, पण काहीच सिग्निफिकंट येत नाही. नोकरी करणाऱ्या आयाही फक्त 3 टक्के दिसतायत. मॉडेलमध्ये अजून काय घालू?

उत्तर:

अजून काही घालू नका. ते 3 टक्केच खरी गडबड कुठे आहे ते सांगतायत. आईच्या कामाचं व्हेरिएबल v714 आहे, आधी एवढं चालवून बघा:

```
tab v714, missing
```

साधारण 85 टक्के ओळी रिकाम्या निघतील. डेटा खराब झालेला नाही. एनएफएचएस-5 मध्ये बाईच्या मुलाखतीचा एक भाग सगळ्या घरांत विचारला गेला आणि दुसरा, ज्याला स्टेट मॉड्यूल म्हणतात, तो फक्त 15 टक्के घरांत. मुलं, लसीकरण, उंची-वजन हे पहिल्या भागात येतं. बाईचं काम, नवऱ्याची माहिती, घरगुती हिंसाचार हे दुसऱ्या भागात. म्हणजे बाकीच्या 85 टक्के आयांना कामाचा प्रश्न विचारलाच गेला नव्हता.

तुम्ही कोड टाकला नाहीत, पण 3 टक्के हा आकडा पाहून तो असा असणार:

```
gen kaam = (v714 == 1)
```

स्टाटा इथे रिकाम्या ओळीलाही 0 देतो, कारण रिकामं म्हणजे 1 नाही. झालं, न विचारलेल्या सगळ्या बायका ‘काम न करणाऱ्या’ गटात जाऊन बसल्या. ओळ अशी हवी:

```
gen kaam = (v714 == 1) if !missing(v714)
```

याला जोडून एक सांगतो. हिंसाचाराचे प्रश्न तर त्या 15 टक्के घरांतही एकाच बाईला विचारले जातात, म्हणून त्या भागाला d005 असं स्वतंत्र वेट दिलेलं आहे. कुठल्याही व्हेरिएबलला हात लावण्याआधी तो प्रश्न कोणाला विचारला होता, हे मूळ प्रश्नावलीत शोधायची सवय लावा. व्हेरिएबलचं लेबल हे कधीच सांगत नाही.

आता कोड दुरुस्त केलात तरी तुमचा जिल्ह्याचा प्रश्न सुटणार नाही. हिशोब करून बघू. देशभरात 707 जिल्हे आणि सुमारे 6 लाख 37 हजार घरं, म्हणजे सरासरी जिल्ह्यामागे 900 घरं. मुलांच्या फाइलमध्ये सुमारे 2 लाख 30 हजार नोंदी आहेत, म्हणजे जिल्ह्यामागे 330 च्या आसपास. त्यातली 15 टक्के धरली तर उरली 50 मुलं. पाचातली एक आई काम करते असं धरा, की काम करणाऱ्या आयांची मुलं झाली 10.

दहा मुलांवरून खुजेपणाचं प्रमाण किती नेमकं निघेल? देशाची सरासरी 35.5 टक्के आहे. तेवढंच तुमच्याकडे आलं असं समजलं, तरी 95 टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल साधारण 5 ते 65 टक्क्यांपर्यंत पसरतो. एका गावातली मुलं एकमेकांसारखी असतात, त्यामुळे खरा पसारा याहून मोठाच. म्हणून काही सिग्निफिकंट आलं नाही याचा अर्थ ‘फरक नाही’ असा घेऊ नका, आणि उद्या चुकून काही आलंच तर त्यावरही विश्वास ठेवू नका. स्टेट मॉड्यूल आखलंच आहे राज्य पातळीच्या अंदाजांसाठी. फाइलमध्ये जिल्ह्याचा कोड दिसतो म्हणून प्रत्येक गोष्ट जिल्ह्यावर मोजता येत नाही. जुन्या कोडने हे झाकलं गेलं होतं: तुमच्या टेबलात एका बाजूला 10 आणि दुसऱ्या बाजूला 320 मुलं दिसत असणार, आणि त्या 320 मधल्या 280 च्या आयांबद्दल आपल्याला काहीच माहीत नाही.

यापुढची अडचण जास्त खोल आहे आणि ती सॅम्पल वाढवूनही जात नाही. v714 मधला प्रश्न मुलाखतीच्या वेळच्या कामाबद्दल आहे: मागच्या सात दिवसांत घरकामाव्यतिरिक्त काही काम केलं का. उंची मात्र एका आठवड्यात खुंटत नाही. चार वर्षांच्या मुलाचा खुजेपणा बहुतांशी गरोदरपणापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंत घडलेला असतो. त्या काळात आई घरी होती की रानात, हे v714 ला माहीत नाही. मूल जरा मोठं झालं म्हणून मागच्या वर्षी कामाला लागलेली आई इथे ‘काम करणारी’ ठरते, आणि मूल तान्हं असताना राबलेली पण आता घरी बसलेली आई ‘काम न करणारी’.

शिवाय काम करणाऱ्या बायका चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या नाहीत. बऱ्याच जणी गरिबीमुळे कामाला जातात, आणि गरिबी मुलाच्या उंचीवर स्वतंत्रपणे परिणाम करते. यावर सगळे जण वेल्थ इंडेक्स घालून मोकळे होतात. पण तो आजच्या घरावरून आणि वस्तूंवरून काढलेला असतो. घरातला फ्रिज आईच्याच पगारातून आला असेल, तर इंडेक्स कंट्रोल करून तुम्ही तिच्या कामाचा एक परिणामच पुसून टाकलात. ‘आई कामाला गेल्याने’ असा कारणाचा दावा या डेटातून निघत नाही. ती किती तास बाहेर असते, किती कमावते, मागे मूल कोण सांभाळतं, हे ज्यातून समजलं असतं ते प्रश्नच यात नाहीत. आणि न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कुठलंही मॉडेल देत नाही.

मग करायचं काय? माझं मत विचाराल तर जिल्हा सोडा, आईचं काम ठेवा. राज्य पातळीवर या आणि प्रश्न असा मांडा: कुठल्या प्रकारचं काम करणाऱ्या आयांच्या मुलांत खुजेपणा किती आढळतो? वर्षभराचं, हंगामी की अधूनमधून, हे v732 मध्ये मिळतं. रोख मोबदला, वस्तूरूपात की काहीच नाही, हे v741 मध्ये. ‘काम करते/करत नाही’ या दोन खणांपेक्षा यातून कितीतरी जास्त कळतं. घरच्या शेतीत बिनपगारी राबणारी आणि महिन्याला रोख पगार घेणारी एकाच खणात टाकली की दोघींचंही काही दिसत नाही.

दोन वर्षांखालची मुलं वेगळी काढूनही एक टेबल करा. तिथे आईचं आजचं काम आणि मुलाची वाढ यांच्यातलं अंतर कमी असतं. मुलं कमी होतील, म्हणून प्रत्येक खणातली न भारित संख्या टेबलात लिहाच; 25 च्या खाली गेली तर टक्केवारी देऊ नका.

आणि वयानुसार उंचीचा झेड-स्कोअर शंभरपट करून hw70 मध्ये ठेवलेला असतो; त्यात 9996 पासून पुढचे आकडे हे कोड आहेत, स्कोअर नव्हे. ते गाळून -200 च्या खालची मुलं खुजी धरा:

```
gen khuje = (hw70 < -200) if hw70 < 9990
gen wt = v005/1000000
svyset v021 [pw=wt], strata(v022)
```

स्टेट मॉड्यूलसाठी कुठलं वेट लावायचं ते फाइलसोबतच्या कागदपत्रात बघून wt ची ओळ बदला.

गाइड जिल्ह्यावरच अडून बसले असतील तर उलटं करा: काम सोडा, जिल्हा ठेवा. उंची सगळ्या घरांत मोजली आहे, म्हणजे तीनशेच्या आसपास मुलांवर जिल्ह्याचं खुजेपणाचं प्रमाण ठीकठाक निघेल, आईचं शिक्षण किंवा घरातलं शौचालय यांसोबतही ढोबळ तुलना करता येईल. जिल्हा आणि काम दोन्ही हवं असेल, तर अंगणवाडीच्या यादीवरून स्वतः शे-दोनशे घरं फिरावी लागतील, आणि तिथे पहिला प्रश्न ठेवा: मूल सहा महिन्यांचं असताना तुम्ही काय करत होतात?