पायाच्या बोटांमधल्या चिखल्या पुन्हा पुन्हा का होतात?

प्रश्न: नाशिकला अंबड एमआयडीसीत कामाला आहे. पावसात सेफ्टी शूज भिजतात. करंगळीजवळच्या बेचक्यात कातडी पांढरी पडून सुटते, जाम खाज येते. मित्राने दिलेली ट्यूब लावली की चार दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. घरी काय करू?

उत्तर: आधी ती ट्यूब उलटी करून घटक वाचा. माझं सातपूरला मेडिकल आहे आणि पावसाळ्यात असे पाय रोज पाहतो. ट्यूबवर क्लोबेटासोल, बीटामेथासोन किंवा बेक्लोमेथासोन दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. खाज नि लाली ते झटक्यात दाबतं, म्हणून चार दिवस बरं वाटतं. ज्या बुरशीमुळे चिखल्या होतात, ती मात्र खाली निवांत पसरत राहते. ती ट्यूब बंद करा. बंद केल्यावर काही दिवस खाज वाढल्यासारखी वाटेल, तेवढ्यासाठी पुन्हा तिच्याकडे वळू नका.

फक्त क्लोट्रिमाझोल 1 टक्का असलेली क्रीम मागा. त्यात दुसरं काही मिसळलेलं नको. पाय धुऊन प्रत्येक बेचकं कोरडं पुसायचं, आणि क्रीम सकाळ-संध्याकाळ पातळ लावायची, सुटलेल्या कातडीवर तर लावायचीच, पण आजूबाजूच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीवरही. खाज आठवड्याभरात कमी होते आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. पूर्ण कोर्स साधारण 4 आठवड्यांचा असतो. कातडी नितळ झाल्यावरही आठवडा-दोन आठवडे लावत राहा. सुटलेली कातडी ओढून काढू नका.

आता बूट. तुमच्या शिफ्टमधून ओले आलेले सेफ्टी शूज रात्रीत वाळत नाहीत, आतलं अस्तर सकाळीही दमटच असतं. जमलं तर दोन जोड ठेवून आलटून पालटून घाला. दुसरा जोड परवडत नसेल तर घरी येताच आतला सोल बाहेर काढा, बुटात वर्तमानपत्र कोंबा, झोपण्याआधी ते बदला आणि रात्रभर पंख्याखाली ठेवा. डब्यासोबत सुती मोज्यांचा जास्तीचा जोड न्या, जेवणाच्या सुट्टीत बदला. मोजे गरम पाण्यात धुवा. पावसाळ्यात ऊन नसेल तर कडक इस्त्री फिरवा. आणि कपडे घालताना आधी मोजे, मग अंडरवेअर. उलट केलंत तर पायाची बुरशी जांघेत जाते. ही गोष्ट काउंटरवर सांगताना लोक हसतात, पण खरी आहे.

लिंबू, व्हिनेगर लावू नका, चिरलेल्या कातडीला आग होते. खोबरेल तेलाने बेचकं ओलसरच राहतं.

मधुमेह असेल तर घरगुती उपाय नकोच, थेट डॉक्टर. इतरांनीही बेचकं ठणकू लागलं, पू किंवा घाण वास आला, लाली पायावर वर चढली तर लगेच दाखवा. नखं जाड, पिवळी झाली असतील किंवा 4 आठवड्यांत फरक पडला नाही, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. नखातली बुरशी नुसत्या क्रीमने सहसा जात नाही.